प्रकल्पाचं काम वाढतंय, पण कुणामुळे? स्कोप क्रीप आणि गोल्ड प्लेटिंग वेळेत कसं ओळखायचं

अमेरिकेच्या एफबीआयने 2001 मध्ये एसएआयसी या कंपनीला एक मोठं सॉफ्टवेअरचं काम दिलं. तपासाच्या फायली कागदावरून संगणकावर आणायच्या होत्या. पुढे या प्रणालीचं नाव ‘व्हर्च्युअल केस फाइल’ असं पडलं. सुमारे 17 कोटी डॉलर खर्च झाले आणि 2005 मध्ये, पूर्ण रूपात कधीच वापरात न येता, ती सोडून देण्यात आली.

डिसेंबर 2003 मध्ये कंपनीने काम सुपूर्द केलं तेव्हा एफबीआयने 17 मोठ्या उणिवा दाखवल्या. त्यांची फोड केल्यावर 59 मुद्दे निघाले. दोष कुणाचा हे ठरेना, म्हणून लवाद नेमला. त्याने एकेक मुद्दा तपासून सांगितलं की 59 पैकी 19 ठिकाणी एफबीआयनेच मागणी बदलली होती आणि उरलेल्या 40 ठिकाणी चूक कंपनीची होती.

या निवाड्यातले आकडे महत्त्वाचे आहेतच, पण तो कधी आला हे त्याहून महत्त्वाचं. काम सुरू असताना हे 59 मुद्दे ‘उशीर’ आणि ‘अडचणी’ या एकाच ढिगात पडून होते. कोणता मुद्दा कुठून आला हे काम सुपूर्द झाल्यावर, तिसऱ्याच माणसाने निवडून दाखवलं. आपल्याकडच्या छोट्या प्रकल्पांत लवाद येत नाही. तिथे उशीर होतो, दोन्ही बाजू एकमेकांवर चिडतात आणि शेवटचं बिल अडकतं. ही निवड पाचव्या-सहाव्या आठवड्यातच करता येते. कुठे बघायचं तेवढं माहीत हवं.

## दोन वेगळे रोग, एकच लक्षण

प्रकल्पात काय करायचं आणि काय करायचं नाही याची ठरलेली हद्द म्हणजे स्कोप. वेळ, पैसा आणि माणसं तेवढीच ठेवून ही हद्द बाहेरून हळूहळू ढकलली जाते, तेव्हा त्याला स्कोप क्रीप म्हणतात. मागणी बहुतेक वेळा ग्राहकाकडून येते, पण तिची रीतसर मंजुरी झालेली नसते. गोल्ड प्लेटिंगमध्ये कुणी काही मागितलेलंच नसतं. काम करणारी मंडळीच आपण होऊन जास्तीचं काहीतरी करत बसतात, कधी हौसेने, कधी ग्राहक खूश व्हावा म्हणून.

लग्नाचं जेवण डोळ्यासमोर आणा. आचाऱ्याशी 300 पानांचं ठरलंय. आदल्या दिवशी वधूपक्षाकडून निरोप येतो, ‘अजून 50 पानं धरा, आणि सकाळच्या नाश्त्याचंही तुम्हीच बघा.’ दराची गोष्ट कुणी काढत नाही आणि आचारीही भिडेखातर मान हलवतो. हा स्कोप क्रीप. दुसऱ्या मांडवात कुणी काहीच वाढवलेलं नाही, पण आचाऱ्याने आपणहून जिलेबीचा घाणा मांडला. तळायला दोन माणसं तिकडे गेली, म्हणून पहिल्या पंगतीला वरण उशिरा आलं. हे गोल्ड प्लेटिंग. दोन्हीकडे पंगत खोळंबली आणि पाहुण्यांना फरक कळला नाही. यजमानाला मात्र कळायला हवा, कारण एकीकडे त्याने स्वतःच्या माणसांना आवरायचं आहे आणि दुसरीकडे आचाऱ्याला.

म्हणून चालू कामांपैकी कोणतंही एक उचलून तीन प्रश्न विचारायचे. हे करारातल्या कोणत्या कलमातून आलं? हे कुणी मागितलं? आणि त्यासाठी लागणारे दिवस व पैसे कुणी मंजूर केले? कलम नाही, मागणारा आहे, मंजुरी नाही, तर तो स्कोप क्रीप. कलम नाही आणि मागणाराही नाही, तर ते गोल्ड प्लेटिंग. मागणीही आहे आणि मंजुरीही आहे, तर तो रीतसर बदल झाला, त्यात वावगं काही नाही. आणि कलम आहे पण काम चुकलंय, तर ती साधी चूक. लवादाने दाखवलेले ते 40 मुद्दे याच शेवटच्या प्रकारचे होते. चुकीला स्कोप क्रीपचं नाव देऊन ग्राहकाच्या माथी मारण्याचा मोह कंपन्यांना नेहमी होतो, पण तो फार काळ लपत नाही.

## एक उदाहरण धरून चालू

समजा एका सहकारी पतसंस्थेला थकीत कर्जाच्या वसुलीसाठी मोबाइल ॲप हवं आहे. ठरलेल्या कामात चार गोष्टी आहेत: थकबाकीदारांची यादी, वसुली अधिकाऱ्याच्या भेटीची नोंद आणि तिचा नकाशा, रोख भरणा घेतल्यावर जागेवर पावती, आणि शाखाधिकाऱ्यासाठी रोजचा अहवाल. किंमत ठरलेली, मुदत 14 आठवडे, काम करणारे चौघं.

चौघांचे आठवड्याला 20 दिवस होतात. त्यातले तीनेक दिवस बैठका, रजा आणि किरकोळ दुरुस्त्यांत जातात असं धरलं, तर हाताशी 17 दिवस उरतात. 14 आठवड्यांत 238 दिवसांचं काम होईल आणि अंदाजही तेवढाच निघाला आहे. म्हणजे हिशेब जुळतो, पण सैल जागा जवळजवळ नाही. ठरावीक किमतीच्या कामांत बहुधा असंच असतं.

## ‘एवढंच तर आहे’

तिसऱ्या आठवड्यात संस्थेचे व्यवस्थापक फोनवर म्हणतात, ‘पावती झाली की कर्जदाराला एक एसएमएस गेला पाहिजे. छोटंच काम आहे ना?’ ऐकायला छोटंच वाटतं. पण भारतात संस्थेच्या नावाने असे संदेश पाठवायचे, तर दूरसंचार नियामक ट्रायच्या 2018 च्या नियमांखाली दूरसंचार कंपन्यांच्या डीएलटी या नोंदणी-व्यवस्थेत आधी संस्थेची नोंद लागते, मग पाठवणाऱ्याच्या नावाची आणि मग संदेशाच्या मजकुराच्या साच्याची. साचा नामंजूर झाला तर पुन्हा पाठवा. संदेश मराठीत हवा असेल तर एका एसएमएसमध्ये 160 ऐवजी 70 अक्षरंच बसतात, त्यामुळे मजकूर लांबला की एका पावतीला दोन-तीन एसएमएसचे पैसे पडतात. संदेश गेलाच नाही तर अधिकाऱ्याला पडद्यावर काय दिसावं, तेही ठरवायला हवं. सगळं धरून 9 दिवसांचं काम, शिवाय मंजुरीची वाट बघणं वेगळंच.

चौथ्या आठवड्यात बैठक उठताना कुणीतरी म्हणतं, ‘अहवाल तालुकावारही निघू दे.’ हे 4 दिवस. पाचव्या आठवड्यात व्हॉट्सॲपवर निरोप येतो की पिग्मी गोळा करणारे एजंटही हेच ॲप वापरतील. हे वाक्य एका ओळीचं आहे, पण त्यामुळे वापरणाऱ्यांची एक नवी जातच प्रकल्पात शिरते. पिग्मी ही ठेव आहे, कर्ज नाही. तिची पावती वेगळी, खातं वेगळं, आणि एजंटाला थकबाकीदारांची यादी दिसता कामा नये. हे 18 दिवस.

यातली एकही मागणी गैर नाही आणि प्रत्येकीमागे खरी गरज आहे. म्हणूनच त्या वेळी कुणी हरकत घेत नाही. स्कोप क्रीप दुष्ट हेतूने होत असता तर पकडणं सोपं गेलं असतं. तो होतो चांगल्या संबंधांतून: फोनवर, बैठक उठता उठता, चहाच्या टेबलावर. ‘एवढंच तर आहे’, ‘हे तुम्ही धरलंच असेल ना’, ‘जाता जाता एक सांगायचं राहिलं’ ही वाक्यं कानावर पडली की ती तारखेसह वहीत उतरवायची. हे सर्वांत लवकर मिळणारं चिन्ह आहे. आकड्यांत ते उमटायला अजून दोन आठवडे लागतात.

मागणी कोणत्या प्रकारची आहे हेही बघावं. तालुकावार अहवालासारखी मागणी आहे त्याच गोष्टीत भर घालते. एसएमएससारखी मागणी बाहेरच्या एखाद्या यंत्रणेशी गाठ घालून देते, जिच्या वेळापत्रकावर आपला ताबा नसतो. पिग्मी एजंटासारखी मागणी नवा वापरकर्ता आणते, आणि नव्या वापरकर्त्यामुळे प्रत्येक पडदा, प्रत्येक परवानगी पुन्हा तपासावी लागते. माझ्या मते पहिल्या प्रकाराला प्रकल्पप्रमुखाने जागेवर उत्तर द्यायला हरकत नाही. पुढच्या दोन्हींना फोनवर ‘हो’ कधीच म्हणू नये. ‘दिवस मोजून परवा कळवतो’ एवढंच म्हणावं.

## ‘36 टक्के काम झालं’ हे वाक्य का फसवतं

पाचव्या आठवड्याच्या शेवटी या चौघांनी 85 दिवसांचं काम संपवलं आहे. मूळ 238 पैकी 85 म्हणजे जवळपास 36 टक्के, आणि 14 पैकी 5 आठवडे म्हणजेही जवळपास 36 टक्के. अहवालात सगळं हिरवं दिसतं. पण एव्हाना एकूण काम 238 राहिलेलं नाही. 9, 4 आणि 18 मिळवून ते 269 झालं आहे. उरलं 184. आठवड्याला 17 च्या वेगाने त्याला जवळपास 11 आठवडे लागतील आणि हातात आहेत 9.

म्हणजे प्रकल्प पाचव्या आठवड्यातच दोन आठवड्यांनी लांबला आहे, फक्त ते कुठे लिहिलेलं नाही. बहुतेक ठिकाणी ते बाराव्या आठवड्यात समोर येतं, कारण झालेलं काम मोजलं जातं पण करायच्या कामाची बेरीज पुन्हा कुणी घेत नाही.

उपाय साधा आहे. दर शुक्रवारी एकाच कागदावर दोन आकडे लिहायचे: आज एकूण काम किती दिवसांचं आहे आणि आजवर किती दिवसांचं संपलं. आलेखावर मांडलं तर दोन रेषा होतात. या आलेखाला बर्न-अप म्हणतात. वरची रेषा एकूण कामाची, खालची संपलेल्या कामाची. दोघी जिथे भेटतील तिथे प्रकल्प संपणार. वरची रेषा चढू लागली आणि त्या चढाला मंजुरीचा कागद नसला, की स्कोप क्रीप सुरू झाला असं समजावं. यात एक पथ्य मात्र पाळावं लागतं. फोनवरची मागणी आली त्याच दिवशी, मंजूर झालेली असो वा नसो, ती बेरजेत धरायची. ‘अजून नक्की नाही’ म्हणून बाहेर ठेवली तर वरची रेषा खोटंच बोलेल.

## दुसरा रोग वरच्या रेषेत दिसत नाही

आता समजू की सहाव्या आठवड्यात दोन्ही बाजू बसल्या आणि मार्ग निघाला. पिग्मी दुसऱ्या टप्प्यात गेली, तालुकावार अहवाल रद्द झाला. एसएमएस हवाच होता, म्हणून त्याच्या बदल्यात भेटींचा नकाशा वगळला. तोही 9 दिवसांचाच होता. एकूण काम पुन्हा 238 वर आलं आणि वरची रेषा आडवी झाली.

आठव्या आठवड्याच्या शेवटी 136 दिवसांचं काम संपायला हवं होतं, प्रत्यक्षात 130 झालं आहे. नवी मागणी एकही नाही. मग 6 दिवस गेले कुठे?

रोजच्या अहवालात. कराराप्रमाणे त्यात ठरलेल्या रकान्यांचा एकच तक्ता हवा होता, अंदाज 6 दिवसांचा. करणारा हुशार आहे. त्याच्या मनात आलं, आज हे रकाने मागितले, उद्या दुसरे मागतील, त्यापेक्षा शाखाधिकाऱ्यालाच 12 पैकी हवे ते रकाने निवडता येऊ देत. काम 12 दिवस चाललं. पडद्यावर ते सुंदर दिसतं, यात शंका नाही. पण एका तक्त्याऐवजी आता रकान्यांचे 4,095 वेगवेगळे संच निघू शकतात. छापताना काही संच कागदात मावत नाहीत. ‘जमा’ निवडलं आणि ‘तारीख’ वगळली, तर बेरजेचा अर्थच लागत नाही. तपासणाऱ्याचं काम वाढलं, वापराच्या पुस्तिकेत दोन पानं वाढली, आणि हे सगळं ज्याच्यासाठी केलं त्या शाखाधिकाऱ्याला सकाळी एक कागद छापून फायलीला लावायचा होता.

गोल्ड प्लेटिंगच्या खुणा ग्राहकाच्या बैठकीत सापडत नाहीत. त्या सापडतात कामाच्या नोंदींत. पहिली खूण म्हणजे एखादं काम ‘90 टक्के झालं’ या अवस्थेत दोन-दोन आठवडे थांबून राहतं. दुसरी खूण बोलण्यात असते: ‘उद्या लागेलच’, ‘आत्ताच करून टाकलेलं बरं’, ‘ग्राहकाला सरप्राइज देऊ’. यात आज मागणाऱ्या माणसाचं नाव कुठेच येत नाही. तिसरी खूण म्हणजे दाखवायला होणारी टाळाटाळ. मागितलेलं चालू झालेलं असतं, तरी ‘अजून थोडं फिनिशिंग बाकी आहे’ म्हणून ते समोर आणलं जात नाही.

सॉफ्टवेअरमध्ये एक सोय करून ठेवता येते. करारातल्या प्रत्येक मागणीला R1, R2 असा क्रमांक द्यायचा आणि कोडमधला प्रत्येक बदल नोंदवताना तो क्रमांक लिहायचा नियम ठेवायचा. मग आठवड्याभरातले क्रमांक नसलेले बदल, कोडमधले बदल नोंदवणाऱ्या गिट या साधनाच्या एका आज्ञेने समोर येतात:

```
git log --oneline --no-merges --since='1 week ago' --grep='R[0-9]' --invert-grep
```

यादीत आलेलं सगळंच गोल्ड प्लेटिंग असतं असं नाही. किरकोळ दुरुस्त्या, क्रमांक लिहायला विसरलेले बदल असेही त्यात येतात. आणि आपला रकाने निवडणारा अहवाल यात सापडणारच नाही, कारण तो R4 च्या नावाखाली झाला. क्रमांक नसलेलं काम असं पकडता येतं. क्रमांकाच्या आड फुगलेल्या कामासाठी अंदाज आणि प्रत्यक्ष दिवस शेजारी शेजारी मांडावे लागतात. अंदाजाच्या दीडपट दिवस झाले की ते काम उघडून बघायचं, असा नियम पुरतो. इथे 6 दिवसांचं काम नवव्या दिवशी उघडलं असतं, तर 6 ऐवजी 3 च दिवस वाया गेले असते.

## पण उशीर होतोय म्हणजे गोल्ड प्लेटिंगच, असं कशावरून?

नाहीच. अंदाज चुकलेला असू शकतो, काम मुळातच अवघड असू शकतं, संस्थेच्या जुन्या संगणकातली माहिती वेळेवर मिळाली नसेल. खालची रेषा या सगळ्यांमुळे मंदावते. इथे घाई करून एखाद्याला ‘तू नको ते करत बसलास’ म्हणणं फार अन्यायाचं होतं.

ओळखायचं असेल तर मागितलेली गोष्ट आत्ता, आहे त्या अवस्थेत चालवून दाखवायला सांगायचं. ठरलेल्या रकान्यांचा तक्ता निघतोय आणि तरीही काम सुरू आहे, तर ते गोल्ड प्लेटिंग. तोच निघत नाहीये, तर अडचण खरी आहे आणि माणसाला मदत हवी आहे. याहून स्वस्त परीक्षा मला माहीत नाही. मात्र त्यासाठी ‘झालं म्हणजे काय’ हे काम सुरू होण्याआधी लिहिलेलं हवं. ‘अहवाल चांगला दिसावा’ असं लिहिलं असेल तर काम कधीच संपत नाही. ‘शाखेचा त्या दिवसाचा भरणा, ठरलेले रकाने, खाली बेरीज, ए4 कागदावर आडवं छापता यावं’ असं लिहिलं असेल तर ते कुठे संपतं हे करणाऱ्यालाही कळतं.

## मागितलं नव्हतं, पण लागतंच, त्याचं काय?

सगळ्यात जास्त वाद इथे होतात. वसुली अधिकारी वाडी-वस्तीवर जातो, तिथे रेंज नाही. रेंज नसतानाही पावती निघायला हवी, असं करारात कुठेही लिहिलेलं नाही. टीमने ती सोय केली. हे गोल्ड प्लेटिंग झालं का?

झालं नाही. ‘जागेवर पावती’ असं लिहिलंय, जागा गावात आहे आणि गावात रेंज नाही, तर ही सोय त्या शब्दांतच आहे. ती नसेल तर मागितलेलीच गोष्ट चालत नाही. तसंच पासवर्ड सुरक्षित ठेवणं, चुकीची रक्कम टाकली तर अडवणं, पावती क्रमांक दोनदा न येऊ देणं, हे सगळं मागणीच्या पोटातच असतं. कसोटी एकच: ही गोष्ट काढून टाकली तर करारातलं एखादं कलम मोडतं का? मोडत असेल तर ती मूळ कामाचाच भाग आहे, आणि दिवस जास्त लागले तर चूक अंदाजाची. मोडत नसेल तर ती जास्तीची. बोटाचा ठसा लावून ॲप उघडण्याची सोय या कसोटीवर जास्तीची ठरते. ती काढली तरी पासवर्डने ॲप उघडतंच.

अशी पोटातली कामं सापडली तरी ती वरच्या रेषेत धरायचीच, फक्त त्यांचा मोबदला मागता येत नाही.

## थोडं जास्त दिलं तर बिघडलं कुठे?

फुकट मिळालं तर ग्राहक खूशच होईल, असं वाटणं स्वाभाविक आहे. पण दिलेली प्रत्येक गोष्ट पुढे कुणीतरी सांभाळायची असते. फोनची प्रणाली बदलली की ती सोय पुन्हा तपासावी लागते. ती बिघडली तर ग्राहक तक्रार करणार, आणि ‘ते करारात नव्हतं’ हे उत्तर त्याला पटणार नाही, कारण दिलं तर तुम्हीच होतं.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. गोल्ड प्लेटिंगमधून स्कोप क्रीप जन्माला येतो. रकाने निवडण्याची सोय प्रात्यक्षिकात दाखवली की व्यवस्थापक म्हणणार, ‘वा! मग थकबाकीच्या यादीतही हे द्या.’ आता मागणी बाहेरून आली, पण बी आपणच पेरलं. म्हणून वाढीच्या वहीत मागणी कुणी केली एवढंच न लिहिता, ती कशावरून सुचली हेही लिहावं.

## अजाइल पद्धतीत तर बदलाचं स्वागतच करतात ना?

करतात. अजाइल म्हणजे छोट्या छोट्या हप्त्यांत काम करून प्रत्येक हप्त्यानंतर दिशा तपासण्याची पद्धत. तिथे नवी मागणी आली की ती यादीत जाते, आणि ग्राहकाच्या बाजूचा एक ठरलेला माणूस तिचा क्रम लावतो. ती वर गेली तर दुसरं काहीतरी खाली जातं. स्कोप क्रीप तेव्हाच होतो, जेव्हा नवं आत येतं पण जुनं काहीच बाहेर जात नाही. चालू हप्त्याच्या मध्यावर ‘हे एवढं घुसवा’ म्हणणं म्हणजे तेच. गोल्ड प्लेटिंगला तर अजाइलमध्येही सूट नाही. उलट दर दोन आठवड्यांनी चालतं काम दाखवावं लागत असल्याने ते तिथे लवकर उघडं पडतं.

## मग करारच जाडजूड करावा?

एफबीआयच्या प्रकल्पात मागण्यांचा दस्तऐवज 800 पानांहून मोठा होता. पडदे कसे दिसावेत, बटणं कुठे असावीत, इतक्या खोलात तो शिरला होता. तरीही मागण्या बदलत राहिल्या. त्याआधी, काम सुरू झाल्यावर 11 सप्टेंबर 2001 चे हल्ले झाले होते आणि प्रणालीने नेमकं काय करायचं हेच बदललं होतं. जुन्या प्रणालीला नवा चेहरा देण्याऐवजी ती पूर्ण बदलायचं ठरलं होतं. कराराची रचनाही अशी होती की होईल तो खर्च आणि वर मोबदला सरकार देणार. वाढीची किंमत मागणाऱ्याला लगेच बोचत नव्हती आणि करणाऱ्याला तर नाहीच.

जाडीपेक्षा दोन गोष्टी कामाला येतात. ‘यात काय येत नाही’ याची अर्ध्या पानाची यादी ही पहिली. पतसंस्थेच्या करारात ‘ठेवी, पिग्मी आणि एसएमएस यात नाहीत’ एवढी एक ओळ असती, तर 31 पैकी 27 दिवसांचा वाद सुरूच झाला नसता. दुसरी म्हणजे दोन्ही बाजूंना मंजुरी देणारा एकेकच माणूस. संस्थेचे व्यवस्थापक, शाखाधिकारी आणि संचालक असे तिघं तीन दिशांनी मागत असतील, तर नोंदवहीही कामाची राहत नाही.

## ग्राहकाला ‘नाही’ म्हणणं परवडत नाही

छोट्या कंपन्यांची ही अडचण खरी आहे, आणि म्हणूनच ‘नाही’ म्हणू नये. किंमत सांगावी. स्कोप क्रीपवरचा उपाय ग्राहकासमोर बसून होतो: मागणी, लागणारे दिवस आणि तीन पर्याय. तारीख पुढे न्या, पैसे वाढवा, किंवा तेवढ्याच दिवसांचं दुसरं काहीतरी काढा. निवड त्यांची. पर्याय समोर ठेवले की बऱ्याच मागण्या आपोआप दुसऱ्या टप्प्यात जातात.

गोल्ड प्लेटिंगचा उपाय मात्र घरातच करावा लागतो आणि तो हळुवार हातानेच करावा. असं काम करणारा बहुधा टीममधला सगळ्यात मन लावून काम करणारा माणूस असतो. त्याला ओरडलं तर तो पुढची कल्पनाच सांगणार नाही, किंवा न सांगता करेल. कल्पनांची वेगळी यादी ठेवावी आणि महिन्यातून एकदा ती ग्राहकापुढे मांडावी. त्यातलं एखादं त्याने मोबदला देऊन घेतलं तर ते रीतसर काम होतं. आधीच तयार झालेली जास्तीची सोय मात्र ‘आहेच तर राहू दे’ म्हणून ठेवू नये. ती मुख्य कोडमधून काढून कोडच्याच बाजूच्या शाखेत ठेवावी, नाहीतर तपासणीचे दिवस पुढेही जात राहतात.

आपल्या उदाहरणात आठव्या आठवड्याअखेर 108 दिवसांचं काम उरलं आहे आणि 6 आठवड्यांत होईल 102. हे 6 दिवस टीमने स्वतः गमावले आहेत, म्हणून ते ग्राहकाकडे मागता येणार नाहीत. पण एसएमएसच्या साच्याची मंजुरी अजून आलेली नाही, त्यामुळे त्या 9 दिवसांच्या कामाला हात लागलेला नाही. ते पुढे ढकललं तर उरतं 99, आणि 3 दिवस हाताशी राहतात. मग त्याच सोमवारी संस्थेला जाणारं पत्र असं असावं:

‘महोदय, सध्या 108 दिवसांचं काम शिल्लक असून मुदतीत 102 दिवसांचं होईल. अहवालाच्या कामात आमच्याकडून 6 दिवस जास्त गेले, त्याचा कोणताही आकार नाही. एसएमएसचा साचा अद्याप मंजूर व्हायचा आहे. एसएमएसची सोय मुख्य ॲप सुपूर्द केल्यानंतर तीन आठवड्यांत स्वतंत्रपणे दिली, तर बाकी सर्व ठरलेल्या तारखेला मिळेल. हे मान्य नसल्यास ॲप आणि एसएमएस दोन्ही एकत्र, एक आठवडा उशिराने देता येईल, मात्र साचा अकराव्या आठवड्यापर्यंत मंजूर झालेला हवा. कोणता पर्याय घ्यायचा ते कृपया गुरुवारपर्यंत लेखी कळवावे.’